झिरो ड्रॉप शूज घेतले आणि पोटऱ्या धरल्या? भरतीच्या पोरांनी बूट बदलताना एवढं बघा

पहाटे नगरच्या वाडिया पार्कवर किंवा गावाबाहेरच्या एखाद्या रस्त्यावर गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, आणि प्रत्येक सेकंदावर मार्क ठरतात. त्यातलाच कुणीतरी रीलमध्ये मिलिंद सोमणला अनवाणी पळताना बघतो, हलके सपाट बूट मागवतो आणि दुसऱ्याच दिवशी नेहमीचा अख्खा सराव त्यात करतो. आठवड्याभरात त्याला जिना उतरता येत नाही.

असं का होतं, ते समजून घ्यायला आधी ड्रॉप म्हणजे काय ते बघू.

बुटात टाचेखाली किती जाडी आहे आणि चवड्याखाली किती, यातला फरक म्हणजे ड्रॉप. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये तो साधारण १० मिलिमीटर असतो, लो ड्रॉपमध्ये ४ किंवा त्याहून कमी, आणि झिरो ड्रॉपमध्ये टाच आणि चवडा एका पातळीत. टाच खाली आली की टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते. त्यातच अशा बुटात बरेच जण आपोआप चवड्यावर उतरायला लागतात, आणि मग पाऊल टेकतानाचा भार पोटरीला झेलावा लागतो.

इथे एक गल्लत होते. ड्रॉप कमी असणं वेगळं आणि सोल पातळ असणं वेगळं. जाड गादीचा झिरो ड्रॉप बूट मुख्यतः पोटरीला कामाला लावतो. मिनिमलिस्ट बुटात सोलही पातळ असतो, त्यामुळे चवड्यामागच्या लांब हाडांवरही भार येतो. आणि खरी भानगड हाडांचीच आहे. स्नायू काही आठवड्यांत सवय करून घेतो, हाडाला महिने लागतात. म्हणजे पोटरी दुखायची थांबली की आपल्याला वाटतं जमलं, पण हाड अजून तयार नसतं.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात हेच दिसलं. नियमित पळणाऱ्यांना १० आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या मिनिमलिस्ट बुटांकडे नेलं. त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. थोडक्यात, १० आठवडेसुद्धा अनेकांना कमी पडतात.

"आम्ही लहानपणापासून चपलेवर आणि अनवाणी फिरलोय" असं गावाकडची पोरं म्हणतात. त्याचा फायदा आहेच, तळवे आणि पाऊल मजबूत असतं. पण पळताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, त्याची सवय चालण्याने लागत नाही.

मग करायचं कसं?

समजा एक मुलगा आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं, १० मिलिमीटर ड्रॉपच्या बुटात पळतो. पहिले दोन आठवडे त्याने नवे बूट फक्त चालायला वापरावेत. सोबत एक दिवसाआड जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाच खाली-वर करायची, १५ वेळा, तीन फेऱ्या. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर सलग २० होत नसतील तर पळायची घाई नको.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात दोनच दिवस, तेही मातीच्या मैदानावर, सुरुवातीची ५ मिनिटं नव्या बुटात पळायचं. मग बूट बदलून उरलेली २५ मिनिटं जुन्यात. सुरुवातीलाच कारण तेव्हा पाय ताजे असतात. ही ५ मिनिटं त्या ३० मधलीच, वरची नाहीत. पुढे दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवायची. दहाव्या आठवड्याला तो २० मिनिटांवर येतो, म्हणजे आठवड्याच्या १५० पैकी ४०. तिथून तिसरा दिवस जोडायचा. पूर्ण बदलायला पाच-सहा महिने धरा. स्प्रिंट आणि चढ सगळ्यात शेवटी.

दुखणं ओळखायचं कसं? दोन्ही पोटऱ्या सारख्या भरून येणं आणि दोन दिवसांत उतरणं, हे चालतं. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेमागे ताठरपणा जाणवत असेल, तर मिनिटं निम्मी करा. पोटरीत एकाच बाजूला अचानक कळ आली तर तिथेच थांबा. आणि पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाबून नेमकी जागा दुखत असेल, सूज असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पोरं परत पळतात आणि भेग वाढते. दुखणं कायम असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

डायबिटीसमुळे पायाला बधिरपणा असेल तर हा प्रयोग करूच नका, कारण दुखणं कळणारच नाही. आणि ग्राउंड तीन महिन्यांवर आलं असेल, तर नवे बूट डब्यातच राहू द्या, जुन्यात पळा.