परत न आलेली विमाने

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान परतले की त्याला गोळ्यांची भोके कुठे पडली आहेत हे तपासले जाई. सगळीकडे चिलखत घातले तर विमान फार जड होते. मग ते नेमके कुठे घालायचे? जिथे भोके जास्त, तिथे, हे उत्तर चटकन सुचते. पण ते चुकीचे आहे, आणि त्याची किंमत आत बसलेल्या तरुणांना मोजावी लागली असती.

ही चूक गणिताने दाखवली ती अब्राहम वाल्ड यांनी. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना व्हिएन्ना सोडून अमेरिका गाठावी लागली. मागे राहिलेल्या कुटुंबातले बहुतेक जण नाझींनी मारले. १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील युद्धविषयक संशोधन गटात त्यांनी या प्रश्नावर टिपणे लिहिली. त्यातले एक काल्पनिक उदाहरण पाहू.

४०० विमाने गेली, ३८० परतली. परतलेल्यांपैकी ३२० ना एकही गोळी लागली नव्हती, ६० ना एक ते पाच लागल्या होत्या. फक्त परतलेली विमाने पाहिली, तर गोळी लागलेली साठच्या साठ सुखरूप आली असे वाटते. म्हणजे गोळी निरुपद्रवीच! पण वाल्ड यांनी न परतलेली २० विमानेही हिशेबात धरली. ती गोळी लागूनच पडली असे मानले, तर गोळी लागलेली विमाने ८० होतात आणि त्यातला चौथा हिस्सा बुडाला. एकेका विमानाला किती गोळ्या लागल्या हे धरून हिशेब केला, की एक गोळी विमान पाडण्याची शक्यता शंभरात सुमारे १५ निघते.

जागेचा हिशेबही असाच होतो. समजा, गोळ्या विमानावर सारख्याच विखरून लागतात आणि इंजिनाने पाव भाग व्यापला आहे. मग शंभर भोकांपैकी पंचवीस इंजिनावर हवीत. परतलेल्या विमानांवर दहाच सापडली, तर उरलेली कुठे गेली? ती पडलेल्या विमानांबरोबर गेली. म्हणून चिलखत हवे ते जिथे भोके कमी दिसतात तिथे.

उरलेल्यांकडे पाहूनच सगळ्यांविषयी निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. मात्र वाल्ड यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. गोळ्या सारख्या विखरत नसतील, किंवा काही विमाने यंत्र बिघडून पडली असतील, तर आकडे बदलतात. आणि मुळात ४०० विमाने गेली होती हे माहीत नसते, तर हिशेब सुरूच झाला नसता.

त्यामुळे कोणताही अभ्यास समोर आला की आधी विचारावे: निघाले किती होते? अभ्यासात फक्त पोहोचलेल्यांचीच संख्या असेल, तर बुडालेल्यांची नोंद कोणी ठेवली आहे का, ते शोधावे.