डुलकीची गाढ झोप कशी झाली? एका इंग्रजी शब्दाचा प्रवास

१/
इंग्रजीत झोपेसाठी नॅप, डोझ, स्लंबर, स्नूझ असे अनेक शब्द आहेत. आज शब्दकोश उघडला की नॅप म्हणजे थोडा वेळ घेतलेली डुलकी आणि स्लंबर म्हणजे शांत, गाढ निद्रा असे सहज वाटते. परंतु चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला स्लंबरचा हा अर्थ चुकीचा वाटला असता. त्याच्या लेखी स्लंबर म्हणजे झोप नव्हे, तर झोपेचा उंबरठा होता. हा बदल कसा झाला, हे एकाच जुन्या ओळीच्या भाषांतरांवरून पाहता येते.

२/
ती ओळ बायबलमधील १२१व्या स्तोत्रात आहे. तिथे ईश्वराला इस्राएलचा राखणदार म्हटले आहे, आणि हा राखणदार दोन गोष्टी करीत नाही असे सांगितले आहे. मूळ हिब्रूत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘नूम’ म्हणजे पेंगणे आणि ‘याशेन’ म्हणजे झोपणे. आदल्या ओळीत फक्त पेंगण्याचा नकार आहे, पुढच्या ओळीत दोन्हींचा.

३/
या दोन शब्दांमागे पहारेकऱ्याचे चित्र आहे. रात्री तटावर उभा असलेला माणूस एकदम झोपत नाही. आधी पापण्या जड होतात, मान कलंडते, पेंग येते. मग झोप लागते. शत्रूला आत शिरायला ती पेंगही पुरेशी असते. म्हणून ‘झोपणे तर दूरच, हा राखणदार पेंगतसुद्धा नाही’ असा त्या ओळीचा भाव आहे. यशयाच्या ग्रंथात चालून येणाऱ्या सैन्याचे वर्णन आहे. तिथेही हीच दोन क्रियापदे याच क्रमाने येतात.

४/
लॅटिन भाषांतराने हा भेद जपला. तिथे ‘दॉर्मितारे’ आणि ‘दॉर्मिरे’ अशी जोडी आहे. दॉर्मिरे म्हणजे झोपणे. त्यापासूनच बनलेले दॉर्मितारे म्हणजे झोपेकडे झुकणे, पेंगणे. मध्ययुगीन इंग्लंडमधील भिक्षू लॅटिन स्तोत्रांच्या ओळींमध्ये बारीक अक्षरांत इंग्रजी अर्थ लिहीत. दॉर्मितारेसाठी त्यांच्याकडे ‘हनॅपियन’ हा शब्द होता. पुढे सुरुवातीचा ‘ह’ गळाला आणि आजचा नॅप उरला.

५/
चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या प्रेरणेने लॅटिनवरून इंग्रजी बायबल तयार झाले. त्यात हा राखणदार ‘नॅप’ करीत नाही आणि झोपत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांची कथा आहे. वराला उशीर होतो, तेव्हा त्या सगळ्या आधी ‘नॅप’ करतात आणि मग झोपतात. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही पेंगणे, मान डोलावणे असा आहे. मराठीतील ‘डुलकी’ हा शब्दही डुलण्यावरूनच आला. दोन्ही भाषांनी झोपेची खूण शरीराच्या हालचालीत पाहिली.

६/
यानंतर नॅपची जागा स्लंबरने घेतली. १५२६ साली विल्यम टिंडेलचा इंग्रजी नवा करार छापला गेला, तेव्हा त्यातील कुमारिका ‘स्लंबर’ करून मग झोपल्या. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये स्तोत्रातला राखणदारही ‘स्लंबर’ करीत नाही आणि झोपत नाही. शब्द बदलला, पण अर्थ बदलला नाही. जुन्या इंग्रजीतील ‘स्लूमा’ म्हणजे हलकी झोप. स्लंबर त्याच कुळातला. त्यातला ‘ब’ उच्चाराच्या सोयीने मागाहून शिरला. जर्मन भाषेतील ‘श्लुमर्न’ या भावंडात तो आजही नाही.

७/
स्लंबर तेव्हा हलकीच झोप होती, याला भक्कम साक्ष आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध शब्दकोशात या क्रियापदाचा पहिला अर्थ ‘हलके झोपणे’ असाच दिला आहे. मात्र त्याच नोंदीत ‘नुसते झोपणे’ हा दुसरा अर्थही आहे. भेद पुसट होऊ लागला होता. कवींना स्लंबर हा मृदू उच्चाराचा शब्द प्रिय होता. अंगाईगीतांत आणि मृत्यूच्या सौम्य वर्णनांत तो रुळला. मृत्यूची झोप हलकी कशी असेल? शब्द हळूहळू खोल होत गेला.

८/
तिकडे नॅप हा शब्द उथळच राहिला, पण त्याची गंभीरता गेली. तो दुपारच्या विसाव्याचा, लहान मुलांच्या झोपेचा घरगुती शब्द झाला. पहाऱ्याची जुनी आठवण एका वाक्प्रचारात मात्र टिकली. एखाद्याला गाफील गाठले तर इंग्रजीत त्याला ‘नॅप’ करताना पकडले असे आजही म्हणतात. हा प्रयोग सोळाव्या शतकापासूनचा आहे. त्यात दोष झोपेच्या लांबीचा नाही, वेळेचा आहे.

९/
डोझ हा शब्द सतराव्या शतकात दिसू लागतो. त्याचा आरंभीचा अर्थ ‘दुसऱ्याला गुंगी आणणे’ असा होता. स्वतः पेंगणे हा अर्थ नंतरचा. म्हणून त्यात आजही इच्छेचा अंश नाही. नॅप माणूस ठरवून घेतो, डोझ त्याला नकळत गाठते. मराठीत वामकुक्षी आणि पेंग यांत हाच फरक आहे. वामकुक्षीसाठी माणूस जेवणानंतर डाव्या कुशीवर आडवा होतो. पेंग त्याला बसल्या जागी येते.

१०/
स्नूझ सर्वांत धाकटा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बोलीभाषेतून वर आला. त्याचे मूळ अज्ञात आहे. १९५६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉन कंपनीने ‘स्नूझ’ची सोय असलेले गजराचे घड्याळ विक्रीस आणले. तेव्हापासून या शब्दाला यंत्राचे माप मिळाले. अनेक घड्याळांत ते नऊ मिनिटांचे असते. बाकीचे शब्द झोपेच्या लांबीचा अंदाज देतात. स्नूझची लांबी बटण ठरवते.

११/
आता त्या स्तोत्राकडे परत जाता येईल. आजचा वाचक १६११ चे भाषांतर वाचतो आणि स्लंबरचा अर्थ गाढ झोप असा घेतो. मग ‘गाढ झोपत नाही आणि झोपत नाही’ असा क्रम तयार होतो. दुसरा शब्द पहिल्याची निव्वळ पुनरुक्ती वाटतो, आणि पेंग टाळणारा पहारेकरी ओळीतून नाहीसा होतो. भाषांतरकारांची चूक नव्हती. त्यांच्या शब्दाखालची जमीन सरकली.

१२/
मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. असे दोन शब्द शेजारी आले म्हणजे प्रत्येक वेळी त्यांत पायऱ्यांचा क्रम असतोच असे नाही. नीतिसूत्रांच्या ग्रंथात आळशी माणसाची हजेरी घेताना आधी ‘थोडी झोप’ येते, मग ‘थोडी डुलकी’. तिथे उतरता क्रम आहे, कारण पहाटे अंथरुणातला माणूस झोपेतून डुलकीत येतो आणि तिथेच रेंगाळतो. म्हणून जुन्या मजकुरात झोपेचा शब्द भेटला, तर आजच्या कोशाआधी दोन गोष्टी तपासाव्यात. त्या काळच्या कोशात त्याचा पहिला अर्थ कोणता होता? आणि ज्याच्याविषयी तो वापरला आहे, तो पहाऱ्यावर उभा आहे की अंथरुणात पडला आहे?