कालास प्रकरण

कालास प्रकरण (१७६१–६५) : फ्रान्समधील तूलूझ शहरात एका प्रॉटेस्टंट कापडव्यापाऱ्याला झालेली चुकीची देहदंडाची शिक्षा आणि ती रद्द व्हावी म्हणून व्हॉल्तेअरने उभारलेली मोहीम. विवेक, सहिष्णुता आणि राज्यसंस्था यांविषयीचे ज्ञानोदयातील वाद या एका खटल्यात एकत्र आले. त्यांची ताकद आणि त्यांच्या मर्यादा इथे जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या कोणत्याही सैद्धांतिक ग्रंथात दिसत नाहीत.

चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नांतचा हुकूमनामा रद्द केल्यापासून फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच उरले नव्हते. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद कॅथलिक पाद्र्याच्या वहीत होई. पंथाच्या पद्धतीने केलेले लग्न बेकायदा ठरे आणि त्यातून झालेल्या मुलांचा वारसाहक्क धोक्यात येई. झां कालासचा थोरला मुलगा मार्क-आंत्वान याला वकील व्हायचे होते. पण त्यासाठी कॅथलिक असल्याचा दाखला लागे, आणि तो त्याला मिळाला नाही.

१३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री मार्क-आंत्वान घराच्या तळमजल्यावरील दुकानात मृतावस्थेत सापडला. घरात आईवडील, धाकटा भाऊ प्येर, जेवायला आलेला एक तरुण पाहुणा आणि जुनी कॅथलिक मोलकरीण एवढी माणसे होती. दाराशी जमलेल्या गर्दीतून कोणीतरी ओरडले की, पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारले. नगर-दंडाधिकारी दाव्हिद द बोद्रिग याने जागेची नीट तपासणी न करता, पंचनामाही जागेवर न लिहिता सगळ्यांना अटक केली. कुटुंबाने आधी सांगितले की, प्रेत जमिनीवर पडलेले होते. नंतर सांगितले की, ते लटकलेले होते. जबाब बदलण्यामागे उघड कारण होते. आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत रस्त्यातून फरफटत नेण्याची शिक्षा होती, आणि ती विटंबना बापाला टाळायची होती. न्यायाधीशांनी मात्र हा बदल म्हणजे अपराधाचीच खूण मानली.

खरा दोष पुराव्याच्या पद्धतीत होता. दोन प्रत्यक्ष साक्षीदार किंवा कबुलीजबाब म्हणजे पूर्ण पुरावा. त्याहून कमी असेल तर अर्धा, पाव अशी त्याची मोजणी होई. चर्चमधून जाहीरनामे वाचून दाखवून ऐकीव माहिती असणाऱ्यांनाही साक्षीला बोलावण्यात आले. अफवांचे असे तुकडे जोडून पुराव्याची बेरीज केली जाते, हा व्हॉल्तेअरचा आक्षेप होता. ९ मार्च १७६२ रोजी तूलूझच्या पार्लमां या उच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ५ मतांनी शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी कालासचे हातपाय चाकावर मोडून त्याला ठार करण्यात आले. यातना सोसतानाही त्याने कबुली दिली नाही. न्यायाधीशांनी मग प्येरला हद्दपार केले आणि बाकीच्यांना सोडून दिले.

निकालातील विसंगती याच ठिकाणी होती आणि व्हॉल्तेअरने तीच पकडली. संध्याकाळभर ही सगळी माणसे एकत्र होती, त्यामुळे एक तर सगळेच दोषी किंवा सगळेच निर्दोष. ६० पार केलेला म्हातारा एकट्याने धडधाकट तरुणाला फासावर लटकवू शकत नाही. आणि ज्या मोलकरणीने याच घरातल्या दुसऱ्या मुलाला कॅथलिक व्हायला मदत केली होती, ती या खुनात कशी सामील होईल? सुरुवातीला खुद्द व्हॉल्तेअरलाही कालास दोषी असावा असे वाटले होते. कुटुंबातील दुसऱ्या एका मुलाला जिनीव्हात भेटून, चौकशी करून त्याने आपले मत बदलले. विवेक म्हणजे नेमके काय, हे इथे कळते : शक्याशक्यता तपासायची आणि ऐकीव गोष्टीला तिच्या जागी ठेवायचे.

पुढची मोहीम आधुनिक वाटावी अशी होती. पॅरिसचे नामांकित वकील, छापील निवेदने, दरबारातील ओळखी आणि कालासच्या विधवेला पॅरिसला पाठवणे, हे सगळे त्याने जुळवून आणले. १७६३ मध्ये त्याचा ‘सहिष्णुतेवरील प्रबंध’ निघाला. जून १७६४ मध्ये राजाच्या परिषदेने निकाल रद्द केला आणि ९ मार्च १७६५ रोजी, म्हणजे शिक्षेला बरोबर ३ वर्षे झाली त्या दिवशी, कालासला निर्दोष ठरवण्यात आले.

या प्रबंधातील मागणी मात्र आश्चर्य वाटावे इतकी माफक आहे. प्रॉटेस्टंटांना सार्वजनिक प्रार्थनागृहे किंवा सरकारी पदे द्या, असे व्हॉल्तेअर म्हणत नाही. लग्न वैध माना, मुलांना वारसा द्या, एवढेच तो मागतो. जॉन लॉकने १६८९ मध्ये सहिष्णुतेचा पक्ष मांडताना नास्तिकांना बाहेर ठेवले होते, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, असा त्याचा प्रश्न होता. रूसोनेही ‘सामाजिक करार’मध्ये (१७६२) नागरी धर्म न मानणाऱ्याला हद्दपार करण्याची मुभा राज्याला दिली. व्हॉल्तेअरचे ज्यूंविषयीचे लेखन तर द्वेषाने भरलेले आहे, आणि कालाससाठी त्याने जे केले त्याचा आदर करतानाही ते नजरेआड करता येत नाही.

राज्यसंस्थेचा प्रश्न अधिक अवघड होता. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये असे मांडले होते की, राजा आणि प्रजा यांच्यामध्ये मध्यस्थ संस्था असतील तरच राजसत्ता जुलमी होत नाही. पार्लमां ही उच्च न्यायालये अशाच संस्थांपैकी होती. तो स्वतः बॉर्दोच्या पार्लमांमध्ये न्यायाधीश होता. पण कालासला मारले ते अशाच एका पार्लमांने, आणि न्याय दिला तो राजाच्या परिषदेने. म्हणून १७७१ मध्ये मंत्री मोपू याने पार्लमां मोडली तेव्हा व्हॉल्तेअरने त्याची बाजू घेतली. दीद्रोला मात्र त्यात निरंकुश सत्तेकडे जाणारी वाट दिसली. या वादात मला दीद्रो अधिक दूरदृष्टीचा वाटतो, कारण राजाची मर्जी पुढच्या खेपेला कुणाच्या बाजूने असेल याची हमी कोण देणार?

ती हमी नव्हतीच, हे त्याआधीच दिसले होते. १७६६ मध्ये आबव्हिल इथे द ला बार या २० वर्षांच्या तरुणाला धर्मनिंदेसाठी शिरच्छेदाची शिक्षा झाली. पॅरिसच्या पार्लमांने ती कायम केली आणि राजाने दयेचा अर्ज फेटाळला. द ला बारच्या प्रेताबरोबर व्हॉल्तेअरचा ‘तत्त्वज्ञानकोश’ही जाळण्यात आला.

विचार पोहोचले किती दूर? १७८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लग्नाच्या नोंदवहीत सही करू शकणारे पुरुष निम्म्याहून थोडे कमी होते आणि स्त्रिया सुमारे चतुर्थांश. पुस्तके पोहोचत होती ती वकील, अधिकारी आणि सुखवस्तू व्यापाऱ्यांपर्यंत. पण त्याच वर्तुळातले लोक कायदा घडवत होते, आणि त्या वाटेने परिणाम खाली झिरपला. कबुलीसाठी छळ करण्याची प्रथा १७८० मध्ये बंद झाली. नोव्हेंबर १७८७ च्या हुकूमनाम्याने प्रॉटेस्टंटांना जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंद करण्याचा हक्क दिला. म्हणजे व्हॉल्तेअरने जवळपास २५ वर्षांपूर्वी मागितले होते तेवढेच. पदे आणि सार्वजनिक उपासना तेव्हाही नाकारलेलीच राहिली. ते दार उघडले ते १७८९ च्या क्रांतीने. सर्व ज्यूंना नागरिकत्व मिळायला सप्टेंबर १७९१ उजाडले, आणि फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी तेव्हाही चालूच होती.

या विचारांची दुसरी शाखा इंग्रजी पुस्तकांतून पुण्यापर्यंत आली. जोतीराव फुले यांनी वाचलेल्या टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये हक्क हे राजाच्या किंवा धर्मसंस्थेच्या देणगीवर अवलंबून नाहीत, असे प्रतिपादन आहे. फुल्यांनी तो युक्तिवाद जातिव्यवस्थेला लावला, जिचा विचार व्हॉल्तेअरच्या प्रबंधात कुठेच नव्हता.