निकालतक्त्याचे परिच्छेद-वर्णन

अहवालातील तक्त्यात दिसणारा मुख्य कल, तक्त्यातले आकडे पुन्हा एकेक करून न वाचता, काही स्पष्ट वाक्यांत मांडणे म्हणजे निकालतक्त्याचे परिच्छेद-वर्णन. प्रकल्प अहवाल, प्रबंध आणि शासकीय पाहणी अहवाल यांच्या ‘निकाल’ किंवा ‘निरीक्षणे’ या प्रकरणात असा परिच्छेद येतो. तक्ता सगळे आकडे जपून ठेवतो. त्या आकड्यांमधला कोणता संबंध लक्षात घ्यायचा, हे परिच्छेद सांगतो. वाचकाने तक्ता पाहिला नाही तरी मुख्य गोष्ट त्याला कळावी आणि पाहिला तर ती तिथे सापडावी, ही चांगल्या वर्णनाची कसोटी आहे.

वर्णनाची पद्धत एखादा खरा तक्ता हाती घेतल्यावरच नीट समजते. त्यासाठी महाराष्ट्राच्या साक्षरतेचा, तीन जनगणनांचा पुढील तक्ता सोयीचा आहे. तो लहान आहे, पण त्यात शिकण्यासारखे बरेच आहे.

तक्ता 1 : महाराष्ट्रातील साक्षरता (टक्के)

| वर्ष | पुरुष | स्त्रिया | एकूण |
|---|---|---|---|
| 1991 | 76.56 | 52.32 | 64.87 |
| 2001 | 85.97 | 67.03 | 76.88 |
| 2011 | 88.38 | 75.87 | 82.34 |

लिहिण्याआधी तक्त्याचे एकक आणि आधार पाहावा लागतो. येथे एकक टक्के आहे आणि आधार आहे सात वर्षे व त्याहून अधिक वयाची लोकसंख्या. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणाऱ्या व्यक्तीला जनगणना साक्षर मानते. पुरुषांची टक्केवारी पुरुषांच्या संख्येवर आणि स्त्रियांची स्त्रियांच्या संख्येवर काढलेली असते. त्यामुळे ‘राज्यातील साक्षरांपैकी 75.87 टक्के स्त्रिया आहेत’ असे वाक्य लिहिले तर आकडा बरोबर आणि विधान चूक, अशी अवस्था होते. ही चूक विद्यार्थ्यांच्या अहवालांत सहज होते आणि वाचणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही, कारण आकडा तक्त्याशी जुळतो. बरोबर वाक्य असे : ‘सात वर्षांवरील स्त्रियांपैकी 75.87 टक्के साक्षर होत्या.’ आधार वाक्यातच आला की चुकीला जागा उरत नाही.

कल शोधताना तक्ता दोन दिशांनी वाचायचा असतो. वरून खाली वाचला तर तिन्ही स्तंभ वाढताना दिसतात. हे खरे आहे, पण साक्षरतेच्या बाबतीत ते कोणालाही अपेक्षितच असते. आडवा वाचला तर प्रत्येक वर्षी पुरुषांचा आकडा स्त्रियांपेक्षा मोठा आहे, तेही अपेक्षित. दोन्ही वाचने एकत्र केल्यावर खरा कल हाती येतो. कच्च्या कागदावर प्रत्येक ओळीतली वजाबाकी लिहिली, की 1991 मध्ये 24.24, 2001 मध्ये 18.94 आणि 2011 मध्ये 12.51 असा नवा स्तंभ तयार होतो. हा स्तंभ मूळ तक्त्यात नाही, तरी परिच्छेदाचे पहिले वाक्य त्यातूनच निघते. अंतर हा वर्णनाचा विषय असेल, तर तो स्तंभ छापील तक्त्यातही घालावा. वाचकाला मनात वजाबाकी करायला लावणे योग्य नाही.

कच्चे लेखन बहुधा असे होते : ‘1991 मध्ये पुरुषांची साक्षरता 76.56 टक्के, तर स्त्रियांची 52.32 टक्के होती. 2001 मध्ये पुरुषांची साक्षरता 85.97 टक्के, तर स्त्रियांची 67.03 टक्के झाली. 2011 मध्ये...’ यात एकही चूक नाही आणि वर्णनही नाही. तक्त्याच्या ओळी फक्त वाक्यांत उतरल्या आहेत आणि तुलना करायचे काम वाचकावरच राहिले आहे.

त्याच आकड्यांचा तयार परिच्छेद पुढीलप्रमाणे होईल : ‘1991 ते 2011 या काळात महाराष्ट्रातील स्त्री-पुरुष साक्षरतेतील अंतर सुमारे 24 टक्केबिंदूंवरून साडेबारावर आले (तक्ता 1). साक्षरता दोघांचीही वाढली, मात्र स्त्रियांची वाढ (52.32 वरून 75.87 टक्के) पुरुषांच्या वाढीच्या जवळजवळ दुप्पट होती. वाढीचा मोठा भाग पहिल्या दशकातला आहे. 2001 नंतर स्त्रियांची साक्षरता जवळपास 9, तर पुरुषांची अडीचपेक्षाही कमी टक्केबिंदूंनी वाढली. तरीही 2011 मध्ये सात वर्षांवरील जवळपास दर चार स्त्रियांपैकी एक निरक्षर होती.’

पहिल्या वाक्यात कल, काळ, प्रदेश आणि तक्त्याचा क्रमांक आहे. दुसरे वाक्य तो कल कशामुळे बनला ते तक्त्यातूनच दाखवते : अंतर कमी झाले ते पुरुषांची साक्षरता घसरल्याने झालेले नाही, स्त्रियांची अधिक वेगाने वाढल्याने झाले आहे. दोन आकड्यांतील अंतर दोन्ही तऱ्हांनी कमी होऊ शकते, म्हणून हे वाक्य गाळता येत नाही. तिसरे आणि चौथे वाक्य वेगातला बदल सांगतात. शेवटच्या वाक्यात शिल्लक स्थिती आहे, म्हणजे ‘अंतर कमी झाले’ याचा अर्थ ‘अंतर मिटले’ असा कोणी घेऊ नये. ‘एकूण’ स्तंभाचा परिच्छेदात उल्लेखही नाही, कारण या कलाशी त्याचा संबंध नाही. तक्त्यातल्या प्रत्येक स्तंभाला एक वाक्य दिलेच पाहिजे, असा नियम नाही.

आकडे किती ठेवायचे, यालाही कारण लागते. तक्त्यात दोन दशांश स्थळे असली तरी वाक्यात ‘सुमारे 24’, ‘साडेबारा’, ‘जवळजवळ दुप्पट’ असे लिहिले की वाचताना ते मनात राहते. नेमका आकडा एखाद्या जोडीपुरता द्यावा आणि ती जोडी कलाचा मुख्य पुरावा असावी. टक्के आणि टक्केबिंदू यांतला फरक मात्र जपावाच लागतो. स्त्रियांची साक्षरता वीस वर्षांत 23.55 टक्केबिंदूंनी वाढली, मूळ 52.32 च्या तुलनेत ती वाढ सुमारे 45 टक्के होते. दोन्ही विधाने खरी आहेत, पण ‘साक्षरता 23.55 टक्क्यांनी वाढली’ असे लिहिले तर कोणती वाढ अभिप्रेत आहे ते कळत नाही.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि काळजीपूर्वक लिहिणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजे. साक्षरतेऐवजी निरक्षरता मोजली, म्हणजे प्रत्येक आकडा शंभरातून वजा केला, तर चित्र बदलते. स्त्रियांची निरक्षरता 47.68 वरून 24.13 टक्क्यांवर आली, म्हणजे जवळपास निम्मी झाली. पुरुषांचीही 23.44 वरून 11.62 टक्क्यांवर, म्हणजे तीही जवळपास निम्मीच. 1991 मध्ये स्त्रियांमधील निरक्षरता पुरुषांच्या दुपटीहून किंचित जास्त होती आणि 2011 मध्येही तशीच होती. मधल्या 2001 मध्ये तर ती 2.35 पट झाली होती. बिंदूंत मोजलेले अंतर जवळपास अर्ध्यावर आले, पण पटीत मोजलेली विषमता वीस वर्षांनंतर जवळपास होती तिथेच राहिली. यातले एक मोजमाप खरे आणि दुसरे खोटे, असे नाही. पुरुषांचा आकडा शंभराजवळ पोचू लागला की त्याला वर जायला जागा कमी उरते आणि बिंदूंतले अंतर आकुंचन पावणे सोपे होते. म्हणून ‘विषमता निम्मी झाली’ असे मोघम वाक्य या तक्त्यावरून लिहिता येत नाही. ‘साक्षरतेतील अंतर टक्केबिंदूंत जवळपास निम्मे झाले’ असे लिहिता येते. कल मोजमापावर अवलंबून असेल, तर मोजमापाचे नाव वाक्यातच हवे, आणि अहवाल विषमतेवर असेल तर दुसरे चित्रही त्याच परिच्छेदात द्यावे.

वर्णन बरोबर असूनही त्याखालचे आकडे घोटाळ्याचे असू शकतात. 2011 च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे त्याच वर्षी आणि अंतिम आकडे 2013 मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्राची तात्पुरती साक्षरता 82.91 टक्के (पुरुष 89.82, स्त्रिया 75.48) होती, अंतिम आकडे वरच्या तक्त्यात आहेत. दोन्ही संच आजही सर्रास वापरात दिसतात. तात्पुरत्या संचाने अंतर 14.34 येते, अंतिम संचाने 12.51. एक आकडा एका संचातून आणि दुसरा दुसऱ्यातून घेतला तर येणारे अंतर कोणत्याच संचाचे राहत नाही. ‘एकूण’ स्तंभ इथे कामी येतो. तो 82.91 असेल तर संच तात्पुरता, 82.34 असेल तर अंतिम. शिवाय एकूण आकडा पुरुष आणि स्त्रिया यांच्या मधोमध किंवा, राज्यात पुरुषांची संख्या अधिक असल्याने, पुरुषांकडे किंचित झुकलेला असायला हवा. तो तसा नसेल तर टंकलेखनाची चूक शोधावी.

कारणमीमांसा हा वर्णनाच्या सीमेचा प्रश्न आहे. ‘शासकीय योजनांमुळे स्त्री-साक्षरता वाढली’ हे वाक्य तक्ता 1 च्या वर्णनात बसत नाही, कारण तक्त्यात योजनांचा स्तंभच नाही. ते ‘चर्चा’ या प्रकरणात, वेगळ्या पुराव्यासह यावे. गाव पातळीवर हा संयम अधिक लागतो. लोणावळ्याजवळच्या कुसगाव बुद्रुकसारख्या गावाचे उदाहरण घेता येईल. येथील अभियांत्रिकी शिक्षणाचे संकुल 2001 च्या जनगणनेनंतर उभे राहिले. जनगणनेत वसतिगृहे ही संस्थात्मक कुटुंबे म्हणून गणली जातात आणि तेथे राहणारे विद्यार्थी त्या गावाच्या लोकसंख्येत धरले जातात. ते सगळेच साक्षर असतात. त्यामुळे अशा गावाच्या ओळीत 2001 ते 2011 दरम्यान साक्षरता वाढलेली दिसली, तरी मूळ गावकऱ्यांतले अधिक लोक लिहायला-वाचायला शिकले, असे त्यावरून म्हणता येत नाही. वाढीचा काही भाग केवळ लोकसंख्येची घडण बदलल्याने येऊ शकतो. हा संशय तपासायला सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची संख्या आणि एकूण लोकसंख्या शेजारी ठेवून पाहतात : एकूण संख्या वेगाने वाढली आणि मुलांचे प्रमाण उतरले, तर बाहेरून प्रौढ, बहुधा तरुण, आल्याची शक्यता अधिक. जन्मदर घटल्यानेही मुलांचे प्रमाण उतरते, म्हणून ही खूण पुरावा ठरत नाही. अशा वेळी वर्णनाचे वाक्य ‘गावात गणलेल्या सात वर्षांवरील लोकसंख्येत साक्षरांचे प्रमाण वाढले, या लोकसंख्येत वसतिगृहांतील विद्यार्थी धरलेले आहेत’ एवढेच लिहावे.