जीवनसत्त्व ‘एच’ची गोष्ट : कच्च्या अंड्यापासून केसांच्या गमीपर्यंत

केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गमीच्या बहुतेक बाटल्यांवर एक नाव हमखास असते : बायोटिन. सोबत कोलॅजन, भृंगराज, आवळा, बांबूचा अर्क अशी मंडळी येतात आणि जातात. बायोटिन मात्र कायम. केसांशी त्याचे नाते जुळले कसे, हे शोधू लागलो की आपण १९२७ सालच्या लंडनमध्ये, उंदरांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन पोहोचतो.

लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस प्रथिनांचा एकमेव स्रोत म्हणून उंदरांना अंड्यातला वाळवलेला पांढरा भाग देत होत्या. काही आठवड्यांत उंदरांची कातडी सोलवटली, केस गळाले, चाल बिघडली. यकृत किंवा यीस्ट खाऊ घातले की तेच उंदीर सावरत. म्हणजे या अन्नांत कोणतातरी संरक्षक घटक होता. पुढे जर्मनीत पॉल ग्यॉर्गी यांनी या घटकाला ‘एच’ हे अक्षर दिले. जर्मन भाषेत त्वचेला ‘हाउट’ म्हणतात, त्यावरून. १९३६ मध्ये क्यॉगल आणि ट्यॉनिस यांनी अंड्याच्या पिवळ्या बलकातून बायोटिन नावाचा पदार्थ वेगळा केला. २५० किलो वाळवलेल्या बलकातून त्यांच्या हाती जेमतेम एक मिलिग्रॅम लागला! १९४० मध्ये सिद्ध झाले, की बायोटिन आणि जीवनसत्त्व ‘एच’ एकच.

कोडे उलगडले ते असे. कच्च्या पांढऱ्या भागात अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिनला इतके घट्ट पकडते, की आतड्यात ते सुटतच नाही. अंडे शिजवले की अ‍ॅव्हिडिनची पकड जाते. १९४२ साली अमेरिकेत सिडनस्ट्रिकर यांनी स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे भरपूर कच्चा पांढरा भाग खाऊ घातला. त्यांच्या त्वचेवर खपल्या आल्या, थकवा आणि उदासी आली. बायोटिनची सुई दिल्यावर काही दिवसांत ते बरे झाले. त्या सुईतली मात्रा दिवसाला काही शे मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा अंश, एवढीच होती.

या इतिहासातून सिद्ध झाले ते इतकेच : बायोटिनचा अभाव असेल तर केस गळतात, आणि बायोटिन दिले की तो अभाव भरून निघतो. अभाव नसलेल्या माणसाला जादा बायोटिन दिले तर केस वाढतात, हे त्यात कुठेच नाही. जाहिरातीने मात्र पहिल्या वाक्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारली. आणि हा अभाव आहे दुर्मिळ. २०१७ मध्ये वैद्यकीय साहित्याचा आढावा घेतला गेला, तेव्हा बायोटिनने केस किंवा नखे सुधारल्याची अवघी १८ प्रकरणे सापडली. आणि त्या प्रत्येकात जन्मजात दोषासारखे काहीतरी मूळ कारण होते.

मग ‘मला फरक पडला’ असे सांगणारे खोटे बोलतात का? नाही. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठे ऑपरेशन झाले की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, आणि बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत ती गळती आपोआप थांबते. माणूस गमी सुरू करतो ती गळती ऐन भरात असताना. पुढे जे व्हायचेच होते, त्याचे श्रेय बाटलीला मिळते. म्हणूनच गमी न खाणाऱ्यांशी तुलना केलेली नसेल, तर ‘तीन महिन्यांत परिणाम’ या शब्दांना पुरावा म्हणता येत नाही.

आता एक नेहमीचे लेबल वाचू. त्यावर लिहिलेले असते : दोन गमींत बायोटिन ५,००० मायक्रोग्रॅम, ‘केसांसाठी खास मिश्रण’ १५० मिलिग्रॅम, त्यात कोलॅजन, भृंगराज, आवळा, बांबूचा अर्क, साखर ४ ग्रॅम.

पहिला आकडा घ्या. अमेरिकेच्या लेबलांवर पूर्वी बायोटिनची दैनंदिन गरज ३०० मायक्रोग्रॅम धरली जाई. २०१६ च्या नियमांनी ती ३० वर आणली. त्यामुळे जी गोळी आधी गरजेच्या सुमारे १,६६७ टक्के देत होती, तीच आता १६,६६७ टक्के देऊ लागली. गोळी तीच, मात्राही तीच. एका शिजलेल्या अंड्यातून सुमारे १० मायक्रोग्रॅम बायोटिन मिळते. या हिशेबाने दोन गमी म्हणजे ५०० अंडी. मोठी टक्केवारी ही गुणाची खूण नव्हे.

दुसरी ओळ मिश्रणाची. अमेरिकेच्या कायद्यानुसार अशा मिश्रणाचे एकूण वजन सांगितले की पुरते. आतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, प्रत्येकाचे वजन सांगणे बंधनकारक नाही. इथे कोलॅजन पहिले आहे, तरी ते १५० मिलिग्रॅमपेक्षा कमीच असणार. त्वचेवरच्या चाचण्यांत मात्र रोज अडीच ते दहा ग्रॅम कोलॅजन वापरले गेले आहे, आणि एक गमीच साधारण तीन ग्रॅमची असते. शिवाय पोटात कोलॅजनचे तुकडे होतात. केसांचे केराटिन ज्या गंधकयुक्त सिस्टीनवर उभे असते, ते कोलॅजनमध्ये जवळपास नसतेच. भृंगराज तर शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये असू शकतो. नाव छापता यावे इतपत.

आपल्याकडे आणखी एक ओळ शोधावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पूरकांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरांत बाटलीच्या मागे असते आणि समोर दाट केसांचे चित्र. गंमत अशी, की औषधांच्या नियमांतील परिशिष्ट ‘जे’मध्ये, ज्या विकारांवर इलाजाचा दावा औषधानेही करायचा नाही अशांच्या यादीत, टक्कल आणि नवे केस उगवणे हे दोन्ही आहेत. जे औषधाला म्हणता येत नाही, ते खाऊच्या बाटलीवरचे चित्र न बोलता म्हणते.

एवढे असूनही ‘खाल्ल्याने बिघडले काय?’ हा प्रश्न उरतो. बायोटिनची विषबाधा होत नाही हे खरे. पण कच्च्या अंड्यातले ते अ‍ॅव्हिडिन इथे वेगळ्या वेषात परत येते. त्याचे एक जिवाणूजन्य भावंड आहे, स्ट्रेप्टाव्हिडिन. बायोटिनवरची त्याची पकड तितकीच घट्ट, म्हणून रक्ततपासणीच्या अनेक यंत्रांत ते चिमट्यासारखे वापरतात. रक्तातला हवा तो रेणू बायोटिन लावलेल्या प्रतिपिंडाने धरायचा आणि स्ट्रेप्टाव्हिडिनने खेचून मोजायचा. रक्तात गमीतले बायोटिन भरलेले असेल तर चिमटे त्यानेच अडकतात, खरा रेणू धुऊन जातो आणि आकडा खोटा कमी येतो. थायरॉइडच्या टीएसएचचे असे होते. टी-४ मोजण्याची पद्धत बहुधा उलटी असते, म्हणून तो खोटा जास्त येतो. दोन्ही मिळून निरोगी माणसाचा अहवाल थायरॉइड वाढल्याचा दिसतो.

आणि केस गळतात म्हणून डॉक्टर आधी ज्या तपासण्या सांगतात, त्यांत थायरॉइड असतेच! म्हणजे ज्या तक्रारीसाठी गमी घेतली, त्या तक्रारीचे खरे कारण शोधण्याची वाटच ती बिघडवू शकते. हृदयविकारात पाहिले जाणारे ट्रोपोनिनही असेच खोटे कमी येऊ शकते. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिन अहवालाशी जोडलेल्या एका मृत्यूची नोंद त्यांच्याकडे आलेली होती.

थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, असे अमेरिकन थायरॉइड असोसिएशन सांगते. छातीत दुखू लागल्यावर दोन दिवस थांबता येत नाही. तेव्हा रक्त घेणाऱ्याला ‘मी केसांची गमी खातो’ हे आधी सांगायला हवे. आपण ती औषधांत धरत नाही, म्हणून औषधे विचारली की तिचे नाव तोंडी येत नाही. निदान तेवढ्यासाठी तरी बाटली उलटी करून मागची बाजू वाचावी.