अवकलजाच्या आलेखावरून मूळ फलनाचे रेखन

एखाद्या फलनाचा सूत्ररूप परिचय नसताना केवळ त्याच्या अवकलजाचा आलेख समोर ठेवून मूळ फलनाच्या आलेखाचा आकार काढण्याची ही रीत आहे. फलन f असेल तर त्याचा अवकलज f′ हा प्रत्येक ठिकाणी f च्या आलेखाला काढलेल्या स्पर्शिकेचा चढ सांगतो. म्हणून f′ च्या आलेखावरील बिंदूची x-अक्षापासूनची उंची हीच मूळ आलेखाची त्या ठिकाणची तिरपाई असते. मूळ आलेख तेथे किती उंचीवर आहे याविषयी ती काहीही सांगत नाही. या रीतीत होणाऱ्या बहुतेक चुका हा भेद नजरेआड झाल्याने होतात.

f′ चा आलेख ज्या अंतरालात x-अक्षाच्या वर असतो तेथे f वाढते, जेथे तो अक्षाखाली असतो तेथे f घटते, आणि जेथे तो अक्षाला मिळतो तेथे f ची स्पर्शिका आडवी होते. यांपैकी पहिली दोन विधाने मध्यमान सिद्धांतावर उभी आहेत. अंतरालातील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ हा त्यांच्या मधल्या कोठल्या तरी बिंदूपाशी अवकलजाइतका असतो, असे हा सिद्धांत सांगतो. त्यामुळे अवकलज सर्वत्र धन असेल तर उजवीकडचा बिंदू डावीकडच्यापेक्षा उंच असण्यावाचून गत्यंतर नसते. लायब्निट्स याने अवकलनावरील आपला पहिला लेख १६८४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही चिन्हावरून वाढ-घट ओळखण्याचा हा विचार आलेला आहे.

उदाहरणादाखल x ची किंमत ० पासून ११ पर्यंत असताना f′ चा आलेख सरळ रेषाखंडांनी बनलेला आहे असे मानावे. तो (०, ४) पासून उतरत (२, ०) येथे अक्षाला टेकतो, तेथून पुन्हा चढत (४, ४) ला पोहोचतो, मग उतरताना x = ६ येथे अक्ष छेदून (७, −२) पर्यंत खाली जातो आणि अखेरीस वर वळून x = ९ येथे अक्ष ओलांडत (११, २) येथे संपतो. शिवाय f(०) = १ एवढे एक मूल्य दिलेले आहे.

प्रथम चिन्हे वाचावीत. x = ६ पर्यंत अवकलज, मधला x = २ हा एकच बिंदू सोडल्यास, धन आहे; म्हणजे f सलग वाढत जाते. x = २ येथे स्पर्शिका क्षणभर आडवी होते खरी, पण f′ अक्षाला टेकून पुन्हा वरच जात असल्याने तेथे ना शिखर तयार होते ना तळ; आलेख सपाट होऊन पुढे पूर्वीप्रमाणेच चढू लागतो. अवकलज शून्य झाला की तेथे महत्तम किंवा लघुतम मूल्य असलेच पाहिजे, हा समज परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून हमखास भेटतो आणि त्याचे निराकरण या एका बिंदूने होते. शून्यापेक्षा चिन्हातील बदल महत्त्वाचा असतो. x = ६ येथे f′ धनाकडून ऋणाकडे जातो, म्हणून तेथे f ला स्थानिक महत्तम, म्हणजे आजूबाजूच्या मूल्यांहून मोठे मूल्य, मिळते; x = ९ येथे बदल उलट दिशेने होत असल्याने तेथे स्थानिक लघुतम मूल्य आहे.

यानंतर f′ स्वतः चढतो की उतरतो हे पाहावे, कारण त्यावरून f चा बाक ठरतो. f′ चढत असताना मूळ आलेखाचा चढ वाढत जातो आणि वक्र वर उघडणारा होतो. f′ उतरत असताना तो खाली उघडणारा होतो. हा बाक ज्या बिंदूंपाशी पालटतो त्यांना नतिपरिवर्तन बिंदू म्हणतात, आणि प्रस्तुत उदाहरणात ते x = २, ४ व ७ येथे आहेत. यांपैकी x = ४ जवळ विशेष सावध राहावे लागते. तेथे f′ च्या आलेखाला शिखर आहे, पण मूळ फलनाला नाही: f तेथे सर्वांत वेगाने वाढत आहे एवढाच त्याचा अर्थ. f′ चे शिखर पाहून f चेही शिखर तेथेच काढणारा विद्यार्थी वास्तविक अवकलजाचीच नक्कल उतरवत असतो.

आकार ठरला तरी उंची ठरलेली नसते. ती f′ चा आलेख आणि x-अक्ष यांमधील क्षेत्रफळांवरून मिळते, कारण दोन बिंदूंमधला f मधील एकूण बदल हा तेवढ्या अंतरालातील f′ च्या समाकलाइतका असतो, आणि अक्षाखालचे क्षेत्रफळ ऋण धरले जाते. येथे सर्व आकृत्या त्रिकोण असल्याने गणित तोंडी होते. ० ते २ मधील त्रिकोणाचे क्षेत्रफळ ४ आहे, म्हणून f(२) = ५; २ ते ६ मधील त्रिकोणाचा पाया ४ आणि उंची ४, म्हणून क्षेत्रफळ ८ आणि f(६) = १३; ६ ते ९ मध्ये ३ इतकी घट होऊन f(९) = १०; आणि शेवटच्या तुकड्यात २ ची भर पडून f(११) = १२. हे पाच बिंदू मांडून, २, ६ व ९ येथे आडव्या स्पर्शिका ठेवून, ठरलेल्या बाकाने ते जोडले की रेखन पूर्ण होते. ६ ते ९ या अंतरालात f′ ऋण असूनही f ची मूल्ये १० ते १३ च्या दरम्यान आहेत, म्हणजे अवकलज अक्षाखाली असताना मूळ आलेखही अक्षाखाली नेण्याचे काहीच कारण नाही. f(०) हे मूल्य दिले नसते तर हाच वक्र वर किंवा खाली कितीही सरकवता आला असता आणि त्यातील प्रत्येक स्थिती तितकीच बरोबर ठरली असती.

या वाचनाला मर्यादाही आहेत. छापील आलेख अक्षाला टेकतो की किंचित ओलांडतो की त्याच्या जरा वरूनच वळतो, हे डोळ्यांनी नेहमीच ठरत नाही. त्यावर मात्र सपाट पायरी पडणार, शेजारी शेजारी एक शिखर व एक तळ येणार, की अखंड चढ राहणार हे अवलंबून असते. दिलेल्या f′ च्या आलेखात एकदम उडी दिसत असेल, तर त्या बिंदूपाशी f चा अवकलज अस्तित्वात नाही असे समजावे, कारण दार्बू याने १८७५ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे एखाद्या अंतरालात सर्वत्र अस्तित्वात असलेला अवकलज मधली मूल्ये टाळून एका मूल्यावरून दुसऱ्यावर उडी घेऊ शकत नाही. फलन तेथे सलग असल्यास उडीच्या जागी त्याच्या आलेखाला कोपरा पडतो, जसा x च्या केवलमूल्याच्या आलेखाला शून्यापाशी पडतो.

फलनाचे क्षेत्र, म्हणजे x ला घेता येणाऱ्या किमतींचा संच, मध्येच तुटलेले असेल तर अधिक काळजी लागते. उणे १ भागिले x या फलनाचा अवकलज, १ भागिले x चा वर्ग, जेथे जेथे अस्तित्वात आहे तेथे धनच आहे; तरीही x = −१ येथे फलनाचे मूल्य १ आणि x = १ येथे −१ आहे. शून्यापाशी फलनाची व्याख्याच नसल्याने दोन्ही बाजूंच्या तुकड्यांना मध्यमान सिद्धांत एकत्र लावता येत नाही, आणि प्रत्येक तुकड्याची उंची ठरवण्यासाठी एकेक मूल्य वेगळे दिलेले असावे लागते.