ओपीजी कसा वाचतात? दात, अडकलेली अक्कलदाढ आणि हाडाची पातळी

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या दवाखान्यात अक्कलदाढ दुखते म्हणून गेलात, तर बऱ्याचदा आधी ‘ओपीजी’ काढायला सांगतात. हा दोन्ही जबड्यांचा एकाच चित्रातला एक्स-रे. त्यात काय पाहायचे, हे एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊ.

आधी बाजू ओळखा. रुग्ण समोर बसल्यासारखे चित्र असते. म्हणजे चित्राची डावी बाजू ही रुग्णाची उजवी. कोपऱ्यातले L हे अक्षर रुग्णाची डावी बाजू दाखवते.

दात मोजा. तोंडाचे चार भाग करतात: वर उजवा १, वर डावा २, खाली डावा ३, खाली उजवा ४. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजायचे. म्हणून ४८ म्हणजे खालची उजवी अक्कलदाढ.

समजा, बदलापूरच्या २४ वर्षांच्या तरुणाच्या तोंडात ३० दात दिसतात, पण ओपीजीत ३१ आहेत. लहानपणी काढलेली ३६ कुठेच नाही. ४८ मात्र हिरडीखाली आहे. मोजताना एक चूक होते: काढलेल्या दाढेच्या जागी मागची दाढ सरकली, तर ३७ ला ३६ समजले जाते. म्हणून नुसती संख्या नव्हे, दाढेचा आकारही पाहतात.

अडकलेली दाढ. इथे ४८ पुढे कलून ४७ ला टेकली आहे. तिच्या मुळांखाली दोन बारीक पांढऱ्या रेषांमधला काळसर पट्टा दिसतो. त्यातून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. मुळावर पट्टा येतो तिथे पांढरी रेषा तुटली, मूळ काळे दिसले किंवा पट्टा वळला, तर नस जवळ असण्याची शक्यता वाढते. ओपीजीत खोली कळत नाही. अशा वेळी त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी सांगतात.

हाडाची पातळी. निरोगी हाडाची कड दाताच्या मानेखाली साधारण १ ते २ मिमी असते. ओपीजीत सगळे मोठे दिसते, म्हणून मिलिमीटरऐवजी प्रमाण पाहतात. ४७ च्या मागे मानेपासून मुळाच्या टोकापर्यंत १५ मिमी आणि हाडापर्यंत ५ मिमी भरले, तर हाड सुमारे एक तृतीयांश खाली गेले आहे. बाकी दातांजवळ ते मानेलगतच असेल, तर दोष बहुधा कललेल्या ४८ चा. सगळीकडेच खाली असेल, तर हिरड्यांच्या आजाराची तपासणी करावी लागते.

मर्यादा. पुढच्या दातांवर मणक्याची सावली पडते आणि बाजूचे दात एकमेकांवर येतात. त्यामुळे तिथले हाड किंवा दोन दातांमधली सुरुवातीची कीड ओपीजीत हुकू शकते. त्यासाठी तोंडात ठेवून काढलेला छोटा एक्स-रे लागतो. शेवटचा निर्णय तोंड तपासूनच दंतवैद्य घेतात.